क्वार्ट्झचा ओटा पाण्यावर कापतो, तरी कारागिराला खोकला कसा?

गणेश_खैरानी

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसता वाचत असतो. आज लिहितोय, कारण पंधरा दिवस झोप नीट लागत नाहीये.

साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत माझा गाळा आहे. किचनचे ओटे, बेसिनचे काउंटर, खिडक्यांच्या चौकटी ही कामं. मला धरून सहा माणसं. आधी सगळं कडप्पा आणि ग्रॅनाइट, थोडा मार्बल. गेली सात वर्षं मात्र निम्म्याहून जास्त काम क्वार्ट्झचं. गिऱ्हाईक मोबाइलवर पांढरा ओटा दाखवतं आणि तोच मागतं.

माझा मुख्य कारागीर ३१ वर्षांचा. गाव राजस्थानात, माझ्याकडे आठ वर्षं आहे. मागच्या पावसाळ्यापासून त्याला कोरडा खोकला. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये ओट्याची पट्टी खांद्यावर घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागला. आधी चौथ्या मजल्यापर्यंत गाणं म्हणत जायचा. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, वरच्या भागात डाग आहेत म्हणाले आणि टीबीचा कोर्स सुरू केला. थुंकीत काही सापडलं नव्हतं. सहा महिने एकही गोळी चुकवली नाही त्याने, मी स्वतः बघत होतो. खोकला तसाच, वजन उलट चार किलो उतरलं. आता दुसरे डॉक्टर म्हणतात, परत कोर्स करू.

परवा स्लॅबच्या गोडाऊनमध्ये एकजण म्हणाला, "शेठ, ही टीबी नाही, दगडाची धूळ आहे." पण माझ्याकडे मोठ्या मशीनला पाण्याचा पाइप आहे. सुकं कापूच देत नाही मी. मग पाण्यावर कापूनही हा आजार होतो का? आणि त्याची आणि बाकीच्या चौघांची नेमकी कुठली तपासणी करून घ्यायची?

---

मृणाल_मुलुंड

बापरे! आम्ही मागच्याच दिवाळीत पांढरा क्वार्ट्झचा ओटा बसवला. माझी मुलगी त्याच्यावर बसून खाते. त्यातून धूळ येत असेल का? काढून टाकायचा का?

---

नंदू_काका

गणेश, उगाच घाबरू नकोस. माझे मामा तीस वर्षं ग्रॅनाइट कापत होते, तेही सुकं. ८१ व्या वर्षी गेले, तेही हार्टने. आमच्याकडे दगडवाल्यांना रोज संध्याकाळी गुळाचा खडा द्यायची पद्धत होती. गुळाने घशातली धूळ खाली उतरते. हल्ली पोरांना गूळ नको, गुटखा हवा.

---

डॉ_शर्वरी

मृणालताई, तुमच्या ओट्याला काहीही झालेलं नाही. बसवलेल्या, अखंड दगडातून धूळ उडत नाही. मुलीला खुशाल बसू द्या. कधी त्यात नवीन होल पाडायचं झालं, तर तेव्हा घरातल्यांनी लांब राहायचं आणि सुकं पाडू द्यायचं नाही, एवढंच.

नंदूकाका, गूळ खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण तो अन्ननलिकेत जातो आणि ही धूळ श्वासनलिकेत. दोन रस्ते वेगळे आहेत. घशाला लागते ती जाड धूळ, ती थुंकीबरोबर बाहेर पडते. आजार करणारे कण इतके बारीक असतात की घशाला जाणवतही नाहीत, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात.

मामांचं म्हणाल तर या धुळीतला घातक भाग म्हणजे सिलिका हे खनिज. ग्रॅनाइटमध्ये ती साधारण पंचवीस ते चाळीस-पंचेचाळीस टक्के असते, मार्बलमध्ये अगदी थोडी. क्वार्ट्झचा स्लॅब म्हणजे दळलेला क्वार्ट्झ रेझिनमध्ये घट्ट दाबलेला. त्यात सिलिका बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांच्या वर. त्यामुळे सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीने फुप्फुसात गाठी होण्याचा आजार, ग्रॅनाइटवाल्यांना वीस-वीस वर्षांनी दिसायचा तो क्वार्ट्झवाल्यांत पाच ते दहा वर्षांत दिसतो. गणेशदादांच्या कारागिराची सात वर्षं त्यात बसतात, म्हणून मला काळजी वाटते.

गणेशदादा, दोन गोष्टी सांगा. डॉक्टरांना त्याने आपलं काम काय म्हणून सांगितलं? आणि एक्स-रेत डाग एका बाजूला होते की दोन्ही?

---

गणेश_खैरानी

डॉक्टर, रिपोर्ट बघून सांगतो. "दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक गाठी" असं लिहिलंय. खाली टीबीची शंका.

कामाचं विचारलंत म्हणून त्याला आत्ता फोन केला. तो म्हणाला, "मी फिटिंगचं काम करतो असं सांगितलं." डॉक्टरांना वाटलं असेल प्लंबर.

---

डॉ_शर्वरी

तिथेच गाडी चुकली. मुंबईत टीबी इतका आहे की खोकला, वजन उतरणं आणि वरच्या भागात डाग दिसले की पहिला विचार टीबीचा येतो, आणि तो येणं चूकही नाही. पण टीबी बरेचदा एका बाजूला जास्त, वेडावाकडा दिसतो. दोन्ही बाजूंना सारख्या, गोल, मुगाहून लहान गाठी आणि थुंकीत जंतू नाहीत असं असेल, तर "तू दिवसभर काय कापतोस?" हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता दुसरी बाजू. सिलिका साचलेल्या फुप्फुसात टीबी जास्त सहज होतो, कारण जंतू खाणाऱ्या पेशीच हे कण गिळून मरतात. म्हणजे त्याला दोन्ही असू शकतं. "सिलिकोसिस आहे, मग टीबी नाही" असं समजून कुणी गोळ्या परस्पर बंद करू नका. थुंकीची जीन-चाचणी आणि कल्चर पुन्हा करून घ्या, दुसरा कोर्स त्यावर ठरेल.

---

अभय_गोखले_चेंबूर

मी पस्तीस वर्षं कारखान्यांत हवेतली धूळ मोजायचं काम केलं. गणेशरावांचा पहिला प्रश्न माझ्या प्रांतातला आहे.

एक साधा हिशेब मांडतो. सिंकचं कटिंग धरा, २४ बाय १८ इंच. चारी बाजू मिळून ८४ इंच, म्हणजे साधारण २१३ सेंटिमीटर. स्लॅब दोन सेंटिमीटर जाड, ब्लेडची चीर दोन मिलिमीटर. २१३ गुणिले २ गुणिले ०.२ म्हणजे ८५ घन सेंटिमीटर दगडाचा भुगा झाला. या दगडाची घनता २.४ च्या आसपास, म्हणजे एका सिंकमागे जवळजवळ दोनशे ग्रॅम पूड. मोठी वाटी भरून.

अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी हवेत सिलिकेची मर्यादा आहे घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम. काम करणारा माणूस पाळीत साधारण दहा घनमीटर हवा घेतो. म्हणजे अख्ख्या दिवसाची मर्यादा झाली अर्धा मिलिग्रॅम. मिठाचे चार-पाच दाणे, बस. त्या दोनशे ग्रॅमपैकी बहुतेक पूड जाड असते आणि खाली पडते. पण हजारातला एक भाग जरी बारीक होऊन हवेत राहिला, तरी ते दोनशे मिलिग्रॅम झाले.

पाण्याने ही धूळ पुष्कळ कमी होते, दहापट कमी झाल्याचंही मोजलेलं आहे. पण जिथे मर्यादेच्या शेकडो पट आहे तिथे दहाने भागून काय उरतं ते बघा. म्हणून पाणी हवंच, पण नुसत्या पाण्यावर निभावत नाही.

आणि मला खात्री आहे की तुमच्याकडे सगळं पाण्यावर होत नसणार. मोठ्या मशीनच्या पुढचं काम कुठे आणि कसं होतं, ते नीट आठवून लिहा.

---

सागर_नालासोपारा

अभय सर, मी सांगतो कसं होतं, मी चार वर्षं हेच केलंय.

गाळ्यात मोठ्या मशीनवर सरळ कट पाण्यात होतो. मग हातातल्या ग्राइंडरने कडा, गोळाई, कोपरे. तिथे एक हेल्पर बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पाणी मारतो. तो फोनवर बोलायला लागला की पाणी बंद, मशीन चालूच. मग साईटवर गेलं की भिंत कधीच काटकोनात नसते. ओटा तीन सूत बसत नाही. तो तिथेच सुका घासायचा. नळाचं होल साईटवर, कारण नळ कुठला हे मॅडमचं ठरलेलं नसतं. पॉलिशला पन्नास नंबरपासून तीन हजारपर्यंत पॅड, त्यातले साईटवरचे सगळे सुके. बाथरूमचं दार लावून घेऊन काम, कारण धूळ हॉलमध्ये गेली तर पैसे कापतात. बाहेर आलो की पापण्यासुद्धा पांढऱ्या.

मी सोडलं, कारण माझ्याबरोबरचा एकजण २९ व्या वर्षी ऑक्सिजनवर गेला. आता टेम्पो चालवतो. माझी स्वतःची तपासणी मी केलेली नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते.

---

केतकी_इंटिरियर्स

सागर म्हणतोय ते शंभर टक्के खरं आहे आणि त्यात आम्हा डिझायनर लोकांचा वाटा आहे, हे मी कबूल करते. नळ आणि हॉब आधी ठरवून त्यांचे टेम्प्लेट गाळ्यात दिले तर सगळी होलं तिथेच पाण्यात पडू शकतात. आम्ही शेवटपर्यंत ठरवत नाही.

पण सोसायट्यांचंही बघा. "पॅसेजमध्ये पाणी सांडायचं नाही, ड्रेनेजमध्ये गाळ सोडायचा नाही, दुपारी एक ते चार मशीन बंद." हे लेखी असतं. "सुकं कापायचं नाही" असं एकाही सोसायटीच्या नियमावलीत मी वाचलेलं नाही. मग कारागीर काय करणार, जे चालतं ते करतो.

---

पाटकर_वायरमन

सर्वांनी पाणी पाणी केलंय म्हणून मध्ये बोलतो. बाजारातला साधा हँड ग्राइंडर पाण्यात वापरायला बनवलेलाच नसतो. २३० व्होल्ट हातात आणि पाय चिखलात. दोन वर्षांपूर्वी कुर्ल्याला एका गाळ्यात असाच शॉक लागलेला मुलगा उचलायला मी गेलो होतो, वाचला नशिबाने. पाणी सुरू करायच्या आधी ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच बसवा, महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून बघा, जोडलेली वायर वापरू नका. गाळ्यात कॉम्प्रेसर असेल तर हवेवर चालणारा वॉटर ग्राइंडर घ्या. त्यात करंटच नाही आणि पाणी मधूनच येतं.

---

नंदू_काका

पाटकर, हे मात्र पटलं. गूळ मागे घेतो, ईएलसीबी घेतो. :)

पण मग मला सांगा, एवढं वाईट असेल तर सरकार हा दगड विकू का देतं?

---

अभय_गोखले_चेंबूर

ऑस्ट्रेलियाने नाही दिला. १ जुलै २०२४ पासून तिथे क्वार्ट्झचे स्लॅब बनवणं, विकणं, कापणं, बसवणं सगळं बंद आहे. आधी पाणी सक्तीचं करून, दंड लावून बघितलं. छोट्या गाळ्यांत ते पाळलं जात नाही असं दिसलं, मग सरळ बंदी. आपल्याकडे तशी बंदी नाही, उलट आपण अमेरिकेला हे स्लॅब मोठ्या प्रमाणावर पाठवतो.

---

केतकी_इंटिरियर्स

बंदीच्या मी विरोधात आहे. बंदी आली की पोरांचं काम जाईल, किंवा तेच काम रात्री शटर पाडून होईल आणि धूळ दुप्पट कोंडेल. मी गेल्या काही कामांत मार्बल किंवा जुना काळा ग्रॅनाइट सुचवला. दहातल्या तिघांनी ऐकलं.

---

सागर_नालासोपारा

ताई, माझ्या मित्राच्या बायकोला विचारा बंदी हवी की नको.

---

डॉ_शर्वरी

तपासणीचा प्रश्न मागे पडला, त्यावर लिहिते.

पहिली पायरी फुकट आहे. कागदावर लिहून काढायचं, कोणत्या वर्षापासून कोणता दगड, दिवसाचे किती तास, त्यातले सुके किती. हा कागद प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवायचा.

मग छातीचा एक्स-रे आणि फुंकायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री. इथे एक सापळा आहे. सुरुवातीच्या आजारात दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. ऑस्ट्रेलियात क्वार्ट्झ कामगारांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा एक्स-रे स्वच्छ आणि सीटी स्कॅनमध्ये गाठी, असे पुष्कळ निघाले. म्हणून काही वर्षं क्वार्ट्झ कापलेल्याला मी छातीचा एचआरसीटी, म्हणजे जास्त बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन सांगते, कमी डोसचा, दम लागत नसला तरी. ज्याला दम लागतोय त्याची डीएलसीओ नावाची आणखी एक चाचणी. रक्तात ऑक्सिजन किती शिरतो ते त्यात कळतं आणि ती स्पायरोमेट्रीच्या आधी घसरू शकते.

सागर, भीती समजते. आजार उलटवणारं औषध नाही, हेही खरं आहे. तरी कळण्याचा उपयोग होतो. टीबी वेळेवर पकडता येतो, सिगारेट सोडायला जोर येतो, लस घेता येते. काम सोडल्यावरही हा आजार काही जणांत पुढे सरकतो, म्हणून "मी सोडलं, आता सुटलो" असं धरून बसू नकोस. एकदा सीटी कर. हातापायाची बोटं थंडीत पांढरी पडत असतील किंवा सांधे सुजत असतील तर तेही डॉक्टरांना सांग. या धुळीने शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याची उदाहरणं आहेत.

---

प्रथमेश_डोंबिवली

एन-९५ मास्क लावला की काम झालं ना? एवढी चर्चा कशाला?

---

अभय_गोखले_चेंबूर

प्रथमेश, नीट बसलेला एन-९५ धूळ साधारण दहा पटीने कमी करतो असं धरतात. "नीट बसलेला" यात सगळं आलं. दाढी असली की कडेने हवा आत येते. एप्रिलमधल्या गाळ्यात घामाने भिजला की पोरं तो हनुवटीवर ओढतात. रबरी अर्धा मास्क, बदलायचे फिल्टर लावलेला, जास्त टिकतो आणि चेहऱ्याला धरून बसतो. रुमाल आणि सर्जिकल मास्क या धुळीसाठी नसल्यासारखेच. पण पाणी आणि ओढून घेणारा पंखा यांच्यानंतर मास्क येतो, त्यांच्या ऐवजी नाही.

गणेशराव, आज रात्री एक प्रयोग कराल का? सगळे दिवे बंद, शटर खाली. कुणीतरी नेहमीचं काम करेल, ग्राइंडर पाण्यावर. तुम्ही समोर बसा आणि जोरदार टॉर्च कामाच्या पलीकडून तुमच्या दिशेला येईल असा ठेवा, बल्ब मात्र फळीआड झाका. सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या झोतात धूळ दिसते तशी दिसेल. मास्क लावून बसा.

---

गणेश_खैरानी

सर, केला प्रयोग. जे बघितलं ते जसंच्या तसं लिहितो.

मोठं मशीन चालू असताना ब्लेडच्या मागून तुषार उडतात, टॉर्चच्या झोतात ते धुक्यासारखे दिसले. मशीन बंद केलं. पाण्याचे थेंब खाली बसले असतील असं वाटलं, पण झोत पांढराच. घड्याळ लावून बघितलं, वीस मिनिटांनीही कण फिरत होते. मग लक्षात आलं, टाकीतलं पाणी आम्ही फिरवून फिरवून वापरतो. दुधासारखं झालेलं असतं ते.

हँड ग्राइंडर लावला. बाटलीचं पाणी ब्लेडच्या पुढे पडत होतं, दगडाला टेकतो तिथे नाही. ब्लेडच्या मागची चीर कोरडी, तिथून धार निघत होती. पाणी असताना.

सगळ्यात वाईट पुढे. काम संपल्यावर पोराने सवयीने कॉम्प्रेसरची नळी घेतली आणि अंगावरचे कपडे झाडले. टॉर्चच्या उजेडात तो मला दिसेनासा झाला. रोज संध्याकाळी सहाला आम्ही हे करतो. मीही करतो. आणि सकाळी पहिलं काम काय, तर रात्री सुकलेला पांढरा गाळ झाडूने लोटणं. वर पंख्याच्या पात्यावर बोट फिरवलं, मैद्यासारखी पूड आली. पाणी तिथवर जात नाही, म्हणजे ही सगळी सुकलेली.

आठ वर्षं मी त्या पोराला सांगत होतो, आपल्याकडे पाण्यावर काम आहे, तुला काही होत नाही.

---

सागर_नालासोपारा

दादा, निदान तुम्ही बघितलंत तरी. आमचा शेठ बघायलाही आला नसता.

---

अभय_गोखले_चेंबूर

गणेशराव, तुम्ही जे लिहिलंत त्यातच दुरुस्ती आहे. कॉम्प्रेसरने कपडे झाडणं आजपासून बंद, याला एक पैसा लागत नाही. झाडू बंद, गाळ ओला असतानाच पाइपने आणि वायपरने ओढून खड्ड्यात घ्यायचा, सुकू द्यायचाच नाही. टाकीला दोन कप्पे करा, गाळ पहिल्यात बसू दे, दुसऱ्यातलं वरचं पाणी मशीनला घ्या आणि ते वरचेवर बदला. ग्राइंडरला पाणी मशीनमधूनच यायला हवं, पाटकर म्हणाले तो हवेवरचा घ्या. कट घेताना चीर सतत ओली दिसली पाहिजे, कोरडी रेघ दिसली की थांबायचं. व्हॅक्यूम घेतलात तर हेपा फिल्टरचा, साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून परत बाहेर टाकतो.

हे सगळं करूनही हँड ग्राइंडरपाशी मास्क लागेलच. खरा आकडा हवा असेल तर कारागिराच्या कॉलरला छोटा पंप लावून दिवसभराची हवा मोजता येते, पण ते खर्चाचं आहे. आधी फुकटातल्या गोष्टी करा.

---

मृणाल_मुलुंड

मी सुरुवातीला फक्त माझ्या ओट्याचं विचारलं त्याची लाज वाटतेय. आमच्याकडे सिंक घरातच कापलं होतं, दार बंद करून. तो मुलगा पाणी मागायला बाहेर आला तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "अरे, पिठाच्या गिरणीतून आलास की काय?" सगळे हसलो होतो. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला मी सुक्या कटिंगचा मुद्दा मांडते. केतकीताई, मजकूर लिहायला मदत कराल?

---

केतकी_इंटिरियर्स

नक्की. दोनच वाक्यं ठेवू. दगड सुका कापायचा, घासायचा नाही. आणि गाळ बादलीत धरून खाली न्यायचा, त्यासाठी तळमजल्यावर एक जागा सोसायटीने द्यायची. दुसरं नसेल तर पहिलं कुणी पाळणार नाही.

---

कामगार_वकील_दादर

उशिरा आलो. सिलिकोसिस हा कारखाने कायदा १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टातला आजार होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, तिच्यातही डॉक्टरने तो कळवायचा असतो. तुमचा सहा माणसांचा गाळा त्यात बसत नसेल. पण कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ च्या परिशिष्टातही सिलिकोसिस होता आणि त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, आणि एकाहून जास्त मालकांकडे काम झालं असेल तर भरपाईचा वाटा त्यांच्यात विभागला जाऊ शकतो. गणेशराव, हे तुमच्या विरुद्ध जातं हे मला कळतं. तरी सांगतो, त्याच्या हजेरीचे आणि पगाराचे जुने कागद फेकू नका. कागद नसल्यामुळे अशी माणसं रिकाम्या हाताने गावी जातात.

राजस्थानात या आजारासाठी २०१९ पासून वेगळं धोरण आहे, तिथे वैद्यकीय मंडळाकडून प्रमाणपत्र मिळतं. काम मुंबईत झालेल्याला ते कसं लागू होतं, ते त्याच्या जिल्ह्यात विचारावं लागेल.

---

नंदू_काका

म्हणजे गणेशने स्वतःच्याच विरुद्ध पुरावा सांभाळायचा? छोटा माणूस भरपाई देऊन गाळा विकेल. स्लॅब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी का देऊ नये? हे मला पटत नाही.

---

कामगार_वकील_दादर

तुमचा प्रश्न रास्त आहे काका. माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही.

---

गणेश_खैरानी

धागा वर काढतोय, तीन आठवडे झाले.

कारागिराचा एचआरसीटी केला. सोबत तो कागद दिला, वर्षं आणि तास लिहिलेला. छातीच्या डॉक्टरांनी तो आधी वाचला, मग फिल्म बघितली. दोन्ही बाजूंना गाठी, मधल्या ग्रंथींच्या कडेला चुन्यासारखी रेघ. अंड्याच्या कवचासारखी म्हणाले. सिलिकोसिस. थुंकीची जीन-चाचणी निगेटिव्ह, कल्चरला सहा आठवडे लागणार, तोवर दुसरा कोर्स सुरू केलेला नाही. डीएलसीओ कमी आली.

त्याला मी स्वतः सांगितलं, गाळ्यात नाही, बाहेर चहाच्या टपरीवर बसून. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शेठ, लहान भाऊ पुढच्या महिन्यात कामाला येतोय." म्हटलं, तो ग्राइंडरला हात लावणार नाही.

ह्याला मापं घेण्याच्या आणि टेम्प्लेटच्या कामावर ठेवलंय, पगार तोच. सगळी होलं आता गाळ्यातच पडतात. नळ ठरला नसेल तर ओटा पाठवत नाही, त्यामुळे दोन कामं हातची गेली. हवेवरचा ग्राइंडर एक घेतला, दुसऱ्याचे पैसे जमले की घेईन. कॉम्प्रेसरची ती नळी काढून कपाटात कुलपात ठेवलीय, कारण नुसतं सांगून पोरं ऐकत नव्हती.

जुने हजेरीचे रजिस्टर सापडले. २०१९ चं भिजलंय, बाकीचे आहेत.

चौघांपैकी दोघांचा सीटी झाला. एकाचा स्वच्छ. दुसरा, २४ वर्षांचा, तीन वर्षं काम, त्याच्या वरच्या भागात "काही सूक्ष्म गाठी, सहा महिन्यांनी पुन्हा पाहा" असं आलंय. डॉक्टर शर्वरी, त्याला खोकला अजिबात नाही, क्रिकेट खेळतो. त्याला आत्ताच ग्राइंडरवरून काढू की सहा महिने थांबू?

---

डॉ_शर्वरी

आत्ताच काढा. सहा महिन्यांनंतरचा सीटी गाठी वाढल्या का ते बघायला आहे. तोवर आणखी धूळ जायला नको.

---

सागर_नालासोपारा

मी शनिवारी सीटीला जातोय. कागद लिहून काढला. चार वर्षं, रोज नऊ तास, त्यातले सुके निदान पाच.